कीबोर्ड-माउस दुरुस्तीचा अर्ज : नवशिक्या संगणक शिक्षकांसाठी पायरीपायरीने

संगणक शिक्षकाच्या नेमणूकपत्रात शिकवणे असते, प्रात्यक्षिक घेणे असते, ‘वेळोवेळी सोपवलेली इतर कामे’ही असतात. मुख्याध्यापकांना अर्ज कसा करावा हे मात्र कुठेच नसते. परिणामी नवा शिक्षक पहिल्याच महिन्यात ‘लॅबमधील काही कीबोर्ड व माउस नादुरुस्त आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे दोन ओळींचे पत्र देतो. त्यावर ‘पाहू’ असा शेरा येतो आणि पत्र फायलीत जाऊन निवांत झोपते. हे मार्गदर्शन त्या दोन ओळींच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण नागपुरातल्या एका अनुदानित शाळेचे आहे : वीस संगणक, अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका.

लागणारे साहित्य

एक वही. जुना टूथब्रश, कापसाचे बोळे, थोडे स्पिरिट. नक्की चालतात अशी खात्री असलेला एक कीबोर्ड आणि एक माउस. हे दोन्ही स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवावेत. डेडस्टॉक रजिस्टर. आणि ते रजिस्टर काढून देण्याइतपत मोठ्या बाबूंची मर्जी. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, तिची तयारी आधीपासून करावी.

पायरी पहिली : मुहूर्त

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, कारण त्याआधी ऊन मुलांना सोसणारे नसते. म्हणजे लॅब जवळपास दोन महिने बंद असते. कूलरच्या खिडकीतून मे महिन्याची सगळी धूळ आत येते आणि उंदरांना वायरी चाखायला निवांत वेळ मिळतो. म्हणून खरी पाहणी शाळा उघडल्याच्या आठवड्यातच करावी. अर्ज मात्र त्या आठवड्यात देऊ नये. तेव्हा प्रवेश चाललेले असतात आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखल्यांचा डोंगर असतो.

सप्टेंबरही टाळावा. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, त्यामुळे त्या महिन्यात शाळेला पट सोडून दुसरे काही दिसत नाही. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असते. यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत मोर्चे लागतात आणि सीताबर्डीत कीबोर्ड आणायला गेलेला शिपाई संध्याकाळी हात हलवत परततो. तेव्हा जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्टची सुरुवात उत्तम. तेही हुकले तर फेब्रुवारी : ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायची घाई असते आणि त्या घाईत माउसही मंजूर होतात.

पायरी दुसरी : तक्रारी गोळा करा, पण त्यांवर विश्वास ठेवू नका

मुले तक्रार करण्यात कंजुषी करत नाहीत. ‘सर, हा कीबोर्ड लिहूनच नाही राह्यला’, ‘सर, माउस पयून राह्यला’, ‘सर, यानं माझी वायर ओढली’ अशा तक्रारी आठवडाभर वहीत लिहून घ्याव्यात. प्रत्येकीपुढे संगणकाचा क्रमांक हवा. ‘खिडकीजवळचा’ असे लिहू नये, कारण खिडकीजवळ चार असतात.

आमच्या उदाहरणात आठवड्याअखेर नऊ कीबोर्ड आणि सात माउस तक्रारीत आले. हाच आकडा अर्जात टाकण्याचा मोह आवरावा. मुख्याध्यापिका मॅडम लॅबमध्ये येऊन नेमका चालणाराच कीबोर्ड दाबून बघतात आणि बाकीचे आठही त्यांच्या लेखी चालू ठरतात.

पायरी तिसरी : कीबोर्डची तपासणी

आधी जो बिघाड नाही तो बाजूला काढा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोजमध्ये फिल्टर कीज सुरू होऊ शकतात. मग बटण टपकन दाबले तर काहीच उमटत नाही, धरून ठेवले तरच अक्षर येते. टेबलावर कोपर टेकून बसणाऱ्या मुलांकडून हे नकळत होते. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरली की सगळे पूर्ववत होते. नवातला एक कीबोर्ड असा बरा झाला. दुसरा पीएस-टू प्रकारचा होता. गोल तोंडाची जांभळी पिन अर्धवट बाहेर आली होती. ही पिन संगणक चालू असताना लावून उपयोग नसतो, बंद करून बसवावी लागते आणि मग पुन्हा सुरू करावा लागतो. पिन जोराने खुपसली तर आतले काटे वाकतात, तेव्हा हे काम मुलांवर सोपवू नये.

उरलेल्यांसाठी विंडोज आणि आर ही बटणे दाबून पुढील आज्ञा द्या :

```
osk
```

पडद्यावर कीबोर्डचे चित्र उमटते. खरे बटण दाबले की चित्रातले तेच बटण उजळते. एकेक बटण दाबत जा आणि न उजळणारी वहीत लिहा. त्या यादीतच निदान दडलेले असते.

एकच बटण मेले असेल तर त्याखाली कचरा आहे किंवा रबराची छोटी वाटी फाटली आहे. कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटा, टूथब्रश फिरवा. आमच्या एका स्पेसबारखालून खोडरबराचा भुगा आणि पेन्सिलीची साले निघाली आणि तो कीबोर्ड कामाला लागला.

चार-पाच बटणे एकदम मेली असतील तर ब्रश खाली ठेवा. स्वस्त कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे पातळ पत्रे असतात आणि त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. शंभरावर बटणांना शंभरावर वेगळ्या वायरी नसतात. रेघांची आडवी-उभी जाळी असते आणि एका रेघेवर बरीच बटणे लटकलेली असतात. रेघ कुठे तुटली किंवा पाणी पडून खाल्ली गेली की तिच्यावरची सगळी बटणे मुकी होतात. कूलरसमोरच्या रांगेत हे जास्त दिसते, कारण नागपुरी कूलर वाऱ्याबरोबर थेंबही फेकतो. ही रेघ जोडत बसणारा कारागीर बाजारात मिळाला तरी त्याची मजुरी नव्या कीबोर्डइतकी होते.

आमच्या नऊ क्रमांकाच्या संगणकावर ३, ई, डी आणि सी ही बटणे एकत्र गेली होती. एकाखाली एक असलेली ही चार बटणे म्हणजे तुटलेल्या रेघेची खूणच. असे एकूण सहा कीबोर्ड खरोखर गेलेले निघाले.

पायरी चौथी : माउसची तपासणी

माउस उलटा करा. लाल दिवा ज्या भोकातून दिसतो तिथे केस अडकलेला असतो. पडद्यावरचा बाण उगाच थरथरत असेल तर बहुधा तोच गुन्हेगार. कापसाला स्पिरिट लावून पुसा. चकचकीत काच किंवा गुळगुळीत सनमायका खाली असेल तरी बाण उड्या मारतो, तेव्हा आधी खाली एक कोरा कागद ठेवून पाहा. आमचे सातातले दोन माउस एवढ्याने सुधारले. तिसऱ्याला पुढचे यूएसबी तोंड दाद देत नव्हते, मागच्या तोंडात लावताच तो धावू लागला. पुढची तोंडे मुले रोज पेनड्राइव्ह खुपसून सैल करतात, दोष माउसचा नसतो.

आता हा आदेश द्या :

```
main.cpl
```

उघडलेल्या खिडकीत फोल्डरचे एक छोटे चित्र असते. ते दोनदा क्लिक केल्यावर उघडायला हवे. एकदाच क्लिक केल्यावर उघडले तर डाव्या बटणाखालच्या स्विचमधली धातूची पट्टी थकली आहे. एका दाबाला ती दोनदा टेकते आणि संगणकाला दोन क्लिक पोचतात. असा माउस हातात असलेला मुलगा एक फाइल निवडायला जातो आणि ती उघडून बसतो, मग सर त्याच्यावर ओरडतात. वायर मानेजवळ, म्हणजे माउसमध्ये शिरते तिथे, हळूच वाकवून पाहा. वाकवली की बाण थांबत असेल आणि यूएसबी निघाल्याचा टुंग आवाज येत असेल, तर आत तार तुटली आहे. आमच्याकडे दोन माउस दुहेरी क्लिकचे, एक तुटक्या तारेचा आणि एक डावे बटण पार बसलेला, असे चार गेले.

पायरी पाचवी : अदलाबदल आणि हिशेब

सहा कीबोर्ड गेले म्हणजे चौदा उरले. चार माउस गेले म्हणजे सोळा उरले. ते जुळवून चौदा संगणक पूर्ण करावेत आणि अर्जात ‘चालू संगणक १४’ असे लिहावे. दरवर्षी यूडायस प्लसमध्ये शाळेला चालू स्थितीतल्या संगणकांची संख्या भरावी लागते आणि ती मुख्याध्यापकांच्या सहीने जाते. हा आकडा त्यांना एकदा वाचू द्यावा, बाकी काही बोलू नये.

मग वेळेचा हिशेब. पस्तीस मिनिटांतली पाच मिनिटे मुले बसण्यात आणि संगणक सुरू होण्यात जातात, उरली तीस. वीस संगणकांवर अठ्ठेचाळीस मुले असतील तर प्रत्येकाच्या हाताला साडेबारा मिनिटे कीबोर्ड लागतो. चौदांवर तीच मुले बसवली की पावणेनऊ. ‘विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे’ हे वाक्य दर अर्जात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. साडेबाराचे पावणेनऊ झाले हे वाचले जाते.

कीबोर्डशिवायचे संगणक ‘निदान चालू तरी ठेवा’ असे कोणी सुचवेल. जुने संगणक कीबोर्ड नसला की सुरू होतानाच अडतात आणि पडद्यावर `Keyboard error or no keyboard present` असे लिहून पुढे जाण्यासाठी `Press F1 to continue` असे सांगतात. जो कीबोर्ड नाही त्याचे एफ-वन बटण कसे दाबावे, याचे मार्गदर्शन या लेखात नाही.

पायरी सहावी : पैसा कुठून येणार ते तुम्हीच सांगा

केंद्र सरकारची आयसीटी ॲट स्कूल योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. महाराष्ट्रात तिच्यातल्या लॅब ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर उभारल्या गेल्या. कंपनी लॅब लावणार, पाच वर्षे देखभाल करणार आणि नंतर सगळे शाळेच्या ताब्यात देणार. आमची लॅब अशीच आली. पाच वर्षे बिघाड नोंदवला की दुरुस्तीवाला यायचा. करार संपला, संगणक शाळेचे झाले आणि बिघाडही शाळेचे झाले. नव्या शिक्षकाने हा इतिहास समजून घ्यावा, नाहीतर तो ‘कंपनीला कळवा’ या शेऱ्यात वर्षभर अडकतो.

तेव्हा खर्चाचे शीर्षक अर्जातच सुचवावे. विद्यार्थ्यांकडून संगणक शुल्क घेतले जात असेल तर त्यातून. नाहीतर वेतनेतर अनुदानातल्या दुरुस्ती-देखभालीतून. इथे एक बारकावा आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये बहुधा मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड आणि माउस मिळून एक ‘संगणक संच’ अशी एकच नोंद असते. नवा कीबोर्ड संचाच्या दुरुस्तीत बसवला तर रजिस्टरमध्ये नवी वस्तू चढवावी लागत नाही. ‘नवीन कीबोर्ड खरेदी’ असे लिहिलेत तर खरेदी समिती, ठराव आणि संस्थेची मंजुरी असा लांबचा रस्ता सुरू होऊ शकतो. आधी बाबूंना रजिस्टर दाखवायला सांगा आणि त्यांनाच विचारा. विचारले की त्यांना बरे वाटते आणि शब्दही अचूक मिळतो.

सीताबर्डीतून तीन दरपत्रके आणावीत. तिन्हींत ‘वायरचा, यूएसबी’ असे एकच वर्णन हवे, नाहीतर एक दुकानदार बिनतारीचा भाव देतो आणि तुलना कोसळते. बिनतारी घेऊही नये. सेल कोण बदलणार आणि छोटा रिसीव्हर कुणाच्या खिशातून घरी जाणार, हे प्रश्न पुढच्या अर्जाला पुरतात.

पायरी सातवी : मसुदा

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका
>
> विषय : संगणक कक्षातील संचांच्या दुरुस्तीअंतर्गत ६ कीबोर्ड व ४ माउस बदलण्याबाबत.
>
> महोदया,
>
> संगणक कक्षातील २० संचांची तपासणी केली. तक्रारीतील ३ कीबोर्ड व ३ माउस कक्षातच दुरुस्त केले असून त्यासाठी खर्च झालेला नाही. पुढील साहित्य दुरुस्त होण्याजोगे नाही.
>
> कीबोर्ड : संच क्र. ३, ५, ९, १२, १६, १८.
> माउस : संच क्र. ५, ७, १२, २०.
>
> सध्या चालू संगणक १४. प्रत्येक विद्यार्थ्यास मिळणारा प्रात्यक्षिकाचा वेळ साडेबारा मिनिटांवरून पावणेनऊ मिनिटांवर आला आहे.
>
> तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. सर्वांत कमी दराने कीबोर्ड ३८० रु. व माउस २२० रु. याप्रमाणे खर्च ३,१६० रु. राखीव १ कीबोर्ड व १ माउस धरल्यास ३,७६० रु. हा खर्च संगणक शुल्कातून करण्यास मान्यता मिळावी, ही विनंती.

मसुद्यात दुरुस्त केलेल्या सहा वस्तूंचा उल्लेख सर्वांत वर आहे, हे लक्षात घ्यावे. मागण्याआधी वाचवलेले दाखवले की मागितलेले खरे वाटते. राखीव जोडीचा आकडा वेगळा लिहिला आहे. काही ना काही छाटायची सवय असलेल्या हाताला तिथे कात्री चालवता येते आणि मूळ मागणीला धक्का लागत नाही.

पायरी आठवी : जोडपत्र

हा भाग ऐच्छिक आहे, पण तोच कामी येतो. गेलेल्या कीबोर्डांपैकी सर्वांत बोलका निवडा आणि त्याच्यावर एक मराठी वाक्य टाइप करून छापा. इनस्क्रिप्ट मांडणीत ई या बटणावर काना असतो, डीवर हलंत आणि सीवर म. नऊ क्रमांकाच्या संगणकावर हीच तीन बटणे बंद. त्यामुळे ‘माझा कीबोर्ड काम करत नाही’ हे वाक्य तिथे असे उमटले :

> झ कीबोरड क करत नही

‘महाराष्ट्र’चे ‘हरषटर’ झाले आणि ‘मुख्याध्यापिका’ हा शब्द छापण्याचे धाडस आम्ही केले नाही.

आमच्या मॅडम मूळच्या मराठीच्या शिक्षिका. कागद हातात येताच त्यांनी आधी लाल पेन उचलले आणि ‘झ’ला काना दिला, आधी ‘मा’ लिहिला, रफार काढला. ‘क’पाशी पोचल्यावर थांबून म्हणाल्या, ‘‘हे कोणत्या वर्गातलं पोर आहे?’’

‘‘पोर नाही मॅडम, नऊ नंबरचा कीबोर्ड आहे.’’

‘‘काहून, याला म येतच नाही?’’

‘‘नाही ना. काना पण नाही येत.’’

त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी पेन खाली ठेवून.

पायरी नववी : दाखल करणे

अर्ज थेट हातात देऊन मोकळे होऊ नये. आवक नोंदवहीत क्रमांक घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. क्रमांक नसलेला अर्ज शाळेत कधी आलाच नव्हता असे मानले जाते. आठवडाभर आठवण करू नये. त्यानंतर ‘मॅडम, ते दरपत्रक पंधरा दिवसच चालतं’ एवढेच म्हणावे. हे खोटे नको म्हणून दरपत्रकावर तशी मुदत दुकानदाराकडून आधीच लिहून घ्यावी.

पायरी दहावी : माल आल्यावर

नव्या कीबोर्डच्या पाठीवर संच क्रमांक आणि बसवल्याची तारीख रंगाने लिहा. वॉरंटीची पावती बिलाच्या झेरॉक्सला टाचून लॅबमध्ये ठेवा. मूळ बिल बाबूंकडे जाते आणि तिथून परत येत नाही.

जुने सहा कीबोर्ड आणि चार माउस फेकू नका. निर्लेखन होईपर्यंत ती शाळेची मालमत्ता आहे आणि तपासणीला आलेले अधिकारी मेलेला माउससुद्धा मोजून मागतात. खोक्यात भरून वर यादी चिकटवा. निर्लेखन मंजूर झाले तरी ते दारावर येणाऱ्या कबाड्याला तोलून देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. दहा वस्तूंसाठी कोणी गाडी पाठवत नाही, तेव्हा परिसरातल्या दोन-तीन शाळांनी खोकी एकत्र करावीत.

शेवटी निकाल. आमच्या अर्जावर लाल शाईत शेरा आला : ‘मान्य. ३,७६० रु. संगणक शुल्कातून.’ राखीव जोडीला कात्री लागली नाही, याचे आश्चर्य माल येईपर्यंतच टिकले. खोके उघडले तेव्हा मॅडम स्वतः लॅबमध्ये आल्या, राखीव माउस उचलला आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या टेबलावरचा कधीचा दोनदा क्लिक होऊन राह्यला. मला वाटायचं माझाच हात कापतो.’’

नवशिक्यांनी यावरून एवढेच घ्यावे : राखीव माउस नेहमी दोन मागावेत.